अज्ञान मुलाच्या वाट्याची मालमत्ता विकायचीय? गोव्यात कोर्टाची परवानगी अशी घ्या

नवरा गेला, घर दोघांच्या नावावर होतं, मुलगा अजून शाळेत आहे, आणि आई म्हणते मी सही केली म्हणजे झालं ना. नाही होत. अठरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा हिस्सा सख्ख्या आईलाही स्वतःच्या सहीवर विकता येत नाही, त्याला आधी कोर्टाची परवानगी लागते. आधी म्हणजे सेलडीडच्या आधी, विकून टाकू आणि मग ऑर्डर आणू असं चालत नाही.

एक उदाहरण धरून चालूया. साखळीला जुनं कौलारू घर आहे, आई आणि मुलं फोंड्याला राहतात. मुलगी बावीस वर्षांची, लग्न झालेलं नाही, मुलगा तेरा वर्षांचा. वडलांनी विल केलेलं नाही आणि गिऱ्हाईक चाळीस लाख द्यायला तयार आहे.

सगळ्यात आधी हिस्से नक्की करा, कारण गोव्यात इथंच लोकांचा घोळ होतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक, म्हणजे अर्धं घर आईचं स्वतःचंच, ते वारसाहक्काने आलेलं नाही. वडलांचा अर्धा भाग दोन मुलांत सारखा, म्हणजे मुलाचा हिस्सा एक चतुर्थांश, दहा लाखांचा. परवानगी लागते ती या चतुर्थांशासाठी. मुलीचं लग्न झालेलं असतं तर जावयाची सहीही लागली असती, ते विसरू नका. आणि वारसांत अज्ञान मूल असलं की इथे बहुतेक वेळा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करायची कार्यवाही, करावी लागते, त्यामुळे ती झालीय का हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

मग गिऱ्हाइकाशी बोलणं. इथे घाई करू नका. अॅग्रीमेंट करायचंच असेल तर त्यात स्पष्ट लिहा की मुलाच्या हिश्श्याची विक्री कोर्टाच्या परवानगीवर अवलंबून आहे, आणि परवानगी नाही मिळाली तर घेतलेला आगाऊ पैसा परत, दंड नाही. तीन महिन्यांत सेलडीड करून देतो असं लिहून बसलात आणि कोर्टाला जास्त वेळ लागला की अडकलात.

आता अर्ज. कोर्ट एकच गोष्ट बघतं, यात मुलाची खरी गरज किंवा उघड फायदा आहे का. "घरखर्चाला पैसे लागतात" एवढं लिहिलेला अर्ज कच्चा, कारण त्यात मुलाचं काय भलं होतंय ते दिसतच नाही. आपल्या उदाहरणात असं लिहा की घर बंद पडलंय, छप्पर एका बाजूने खचलंय, भाडं येत नाही, दुरुस्तीचं एस्टिमेट हे, आणि दर पावसाळ्यात किंमत उतरतेय. विकलं तर मुलाचे दहा लाख त्याच्याच नावावर एफडीत राहतील आणि व्याज शिक्षणाला जाईल. प्रत्येक वाक्यामागे कागद हवा: फोटो, एस्टिमेट, रजिस्टर्ड व्हॅल्यूअरचा रिपोर्ट, मृत्यूचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला, सर्वेचे उतारे, मालकीची कागदपत्रं. यात व्हॅल्यूअरचा रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा, रिपोर्टात पन्नास लाख आणि सौदा चाळीसचा असेल तर पहिला प्रश्न तिथेच येणार. आणि पैशातून आईचं किंवा मामाचं कर्ज फेडायचा विचार असेल तर तो मुलाचा फायदा नव्हे.

कोर्ट जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढू शकतं, त्यांचं म्हणणं ऐकतं. काका किंवा आजी विरोध करणार असतील तर आधीच घरात बोलून घ्या.

ऑर्डर हातात आली की ती ओळ न् ओळ वाचा. अमुक रकमेच्या खाली विकायचं नाही, पैसे अमुक ठिकाणी ठेवायचे, अशा अटी त्यात असू शकतात. गिऱ्हाइकाने नंतर भाव पाडला तर जुन्या ऑर्डरवर सेलडीड करू नका, परत कोर्टात जा. सेलडीडमध्ये ऑर्डरचा नंबर आणि तारीख घाला, सर्टिफाइड कॉपी जोडा, आणि आई दोन नात्यांनी सही करते, एकदा स्वतःसाठी आणि एकदा मुलाची पालक म्हणून.

परवानगीशिवाय विकलं तर काय? मुलगा अठराचा झाल्यावर तीन वर्षांच्या आत कोर्टात जाऊन तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. म्हणजे आपल्या उदाहरणात आठ वर्षं ती टांगती तलवार गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, म्हणून जाणता गिऱ्हाईक आणि त्याची बँक ऑर्डर बघितल्याशिवाय पुढे येतच नाहीत.

मुलाचे दहा लाख गिऱ्हाइकाकडून वेगळ्या चेकने घ्या, आईच्या खात्यात सगळे एकत्र घेऊन मग बाजूला काढू असं करू नका, हिशेब तिथेच बिघडतो. एफडी केली की पावतीची कॉपी ऑर्डरमध्ये सांगितल्याप्रमाणे कोर्टात भरा, आणि मधे मोडायची वेळ आली तर ऑर्डरमध्ये तशी मुभा आहे का ते बघा, नसली तर परत अर्ज करावा लागेल.