संत्र्याची बाग, नागपुरातला पगार आणि १२ लाखांची सूट: रिटर्न भरताना या चुका टाळा

काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग आणि नागपुरात पगाराची नोकरी, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. या घरांत दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात: शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण दोन्ही एकाच माणसाला लागू झाल्या की कर शून्यच येईल, असं मात्र नाही.

शेतीचं उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) नुसार करमाफ आहे. मात्र के. एन. राज समितीच्या शिफारशीनंतर १९७३ च्या वित्त कायद्यात आंशिक एकत्रीकरणाची पद्धत आली. तिच्यात शेतीवर कर लागत नाही. पण शेतीचं उत्पन्न खालचे स्लॅब अडवून बसतं आणि पगार वरच्या स्लॅबमध्ये ढकलला जातो. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ही पद्धत लागते. बागेचे २० लाख आले, पण बाकीचं उत्पन्न ३ लाख ९० हजारच असेल तर नव्या करप्रणालीत काहीच कर नाही. व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला ही पद्धत लागते. कंपनी आणि भागीदारी संस्थेला लागत नाही.

आता आर्थिक वर्ष २०२५-२६ चं एक उदाहरण घेऊ. पगार १२,२५,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली की उरले ११,५०,०००. आंबिया बहाराचे ८,४०,००० आले, खर्च २,४०,००० झाला, म्हणजे शेतीचं निव्वळ उत्पन्न ६,००,०००.

पहिली पायरी: दोन्ही उत्पन्नं मिळून १७,५०,००० होतात; त्यावर नव्या दरांनी कर येतो १,५०,०००. दुसरी पायरी: करमुक्त मर्यादा ४,००,००० अधिक शेती ६,००,०००, म्हणजे १०,००,०००, त्यावर कर ४०,०००. तिसरी पायरी: वजाबाकी, १,१०,०००. आता कलम ८७ए ची सूट. ती जास्तीत जास्त ६०,००० आहे, म्हणून उरले ५०,०००. त्यावर ४ टक्के उपकर धरून भरायचे ५२,०००.

बाग नसती तर ११,५०,००० वर कर ५५,००० आला असता आणि सगळा सुटीत गेला असता. कंपनीनं पगारातून टीडीएस कापलेला नसतो तो याच हिशेबामुळे. बागेचं तिला ठाऊकच नसतं.

या हिशेबात चूक बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीत होते. करमुक्त मर्यादा मिळवायची राहून जाते आणि नुसत्या ६ लाखांवरचा कर, म्हणजे १०,००० वजा केला जातो. मग कर १,४०,००० दिसतो, खऱ्यापेक्षा ३०,००० जास्त. कोणी सवयीनं जुन्या करप्रणालीचे अडीच लाख मिळवतं. तेव्हा वजा होतात २५,००० आणि कर १५,००० नी फुगतो. ज्या करप्रणालीत रिटर्न भरताय तिचीच मर्यादा घ्या. जुन्यात ६० वर्षांच्या पुढे ३ लाख आणि ८० च्या पुढे ५ लाख आहे. नव्यात सगळ्यांना ४ लाख.

सूट चुकीच्या जागी लावणं ही त्याच घरची दुसरी चूक. ‘१७ लाख ५० हजार झाले, म्हणजे सूट गेली’ असं म्हणून लोक ६०,००० सोडून देतात. तसं नाही. सुटीसाठी एकूण उत्पन्न पाहिलं जातं आणि त्यात करमाफ शेती धरली जात नाही. इथे ते ११,५०,००० आहे, म्हणजे सूट मिळते. पण ती वजाबाकी झाल्यावर, एकदाच. दुसऱ्या पायरीतल्या १० लाखांवर सूट लावून कर शून्य धरला, तर वजा करायला ४०,००० उरतच नाहीत.

हिशेब जुळला का हे पोर्टलवरच पाहता येतं. रिटर्नच्या `Part B-TTI` मध्ये `Rebate on agricultural income` अशी ओळ असते. तिथे दुसऱ्या पायरीचा आकडा, आपल्या उदाहरणात ४०,०००, दिसला पाहिजे. ८७ए ची सूट वेगळ्या ओळीत असते. दोन्हींची गल्लत करू नका. पहिल्या ओळीत शून्य असेल तर शेतीचा आकडा बहुधा `Schedule EI` मध्ये गेलेलाच नाही.

तो आकडा आयटीआर-१ मध्ये टाकून चालत नाही. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की पगारदाराला आयटीआर-२ लागतो; धंदाही असेल तर आयटीआर-३. `Schedule EI` मध्ये एकूण आवक, खर्च आणि मागच्या आठ वर्षांतला न जिरलेला शेतीचा तोटा वेगवेगळा लिहायचा असतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर जिल्हा व पिनकोड, जमीन किती एकर, स्वतःची की भाड्याची, ओलिताची की कोरडवाहू, हेही विचारतात. सातबारा समोर ठेवूनच बसा.

सातबारा आणखी एका कारणासाठी लागतो. जमीन दोन भावांच्या नावावर, पण आडत्याची पट्टी एकाच्या नावानं आणि पैसेही त्याच्याच खात्यात, असं सर्रास होतं. मग सगळं उत्पन्न त्या नोकरदार भावाच्या रिटर्नमध्ये चढतं. प्रत्येकानं आपापला हिस्साच दाखवायचा असतो, आणि वाटणीचे पैसे बँकेतून दिलेले असले की नंतर बोलायला आधार राहतो.

खर्च न दाखवणं तर सरळ खिशातून जातं. आपल्या उदाहरणात ६ लाखांऐवजी पट्टीवरचे ८,४०,००० च लिहिले, तर कर ५२,००० ऐवजी ७४,८८० होतो. मजुरी, खत, फवारणी, वीजबिल, तोडणी, हमाली, आडत, पीककर्जाचं व्याज यांच्या पावत्या हंगामातच जमवा. बाग व्यापाऱ्याला ठोक दिली असेल तर तोडणी-वाहतूक त्याची. ती तुमच्या खर्चात धरू नका. गोठ्यातलं दूध मात्र शेतीत मोडत नाही, ते बाकीच्या उत्पन्नात जातं. रोपवाटिकेतली कलमं शेतीतच धरतात.

शेवटचा मुद्दा तारखांचा. हे ५२,००० जुलैत रिटर्नसोबत भरले तर कलम २३४बी चे २,०८० आणि २३४सी चे २,६२६, म्हणजे ४,७०६ रुपये व्याज बसतं. कारण कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो, आणि त्या हिशेबातही शेती धरावी लागते. आंबियाचे पैसे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात हातात येतात. तेव्हाच हिशेब करून १५ डिसेंबरच्या आत पूर्ण रक्कम भरली, तर जून आणि सप्टेंबरच्या हुकलेल्या हप्त्यांचे ९३६ रुपयेच व्याज लागतं.