पुढे आलेल्या कानांची शस्त्रक्रिया : या चुका टाळा

मुलाचे कान पुढे आलेले असले की पालकांकडून पहिली चूक वयाच्या बाबतीत होते. बाळ काही आठवड्यांचे असेल, तर कानाची कूर्चा मऊ असल्याने साच्याने आकार देता येतो आणि शस्त्रक्रिया बहुधा टळते. मात्र ही संधी लवकर निघून जाते. त्यानंतर साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत थांबावे, कारण तोवर कानाची बहुतेक वाढ पूर्ण झालेली असते आणि मूल पट्टी सांभाळण्याइतके समजूतदार होते. प्रौढांनाही ही शस्त्रक्रिया करता येते, फक्त त्यांची कूर्चा अधिक ताठ असते.

दुसरी चूक म्हणजे ‘कान अगदी चिकटवून टाका’ असा आग्रह. फोंड्यातील सात वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण कल्पून पाहू. त्याच्या कानाची कड डोक्यापासून 25 मिलिमीटर दूर आहे. सामान्यतः हे अंतर 15 ते 20 मिलिमीटर असते. वरच्या भागात कानाची आतली घडी नीट पडलेली नाही आणि मधली वाटीही खोल आहे. येथे केवळ घडीचे टाके घातले तर मधला भाग पुढेच राहील. उलट वाटी फार मागे ओढली, तर मधला भाग आत जाऊन वरचे टोक आणि खालची पाळी बाहेर डोकावतील, आणि ‘ऑपरेशन केलेला कान’ लगेच ओळखू येईल. म्हणून दोन्ही दोष वेगवेगळे, मोजून आणि थोडेथोडेच दुरुस्त करावे लागतात. समोरून पाहताना कानाची कड आतल्या घडीच्या किंचित बाहेर दिसावी. नैसर्गिकपणाची ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. दोन्ही कान तंतोतंत सारखे मुळातही नसतात, त्यामुळे तशी अपेक्षा ठेवू नये.

सर्वांत गंभीर चूक पहिल्या दोन दिवसांत होते. दोन्ही कान थोडे ठणकणे स्वाभाविक आहे, परंतु एकाच कानाची वेदना वाढत जाऊन औषधानेही थांबत नसेल, तर आत रक्त साकळले असण्याची शक्यता असते. अशा वेळी पट्टी उघडण्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री शल्यचिकित्सकांना गाठावे, कारण साकळलेले रक्त वेळेत काढले नाही तर कूर्चेला कायमची इजा होऊ शकते. काही दिवसांनी लाली, पू किंवा ताप दिसला तरी हाच नियम लागू होतो.

पट्टी साधारण आठवड्याभरात निघते. त्यानंतर रात्री झोपताना डोक्याला मऊ पट्टा चार ते सहा आठवडे बांधावा लागतो. गोव्यात मे महिन्याच्या दमट उकाड्यात मुले तो काढून टाकतात, आणि झोपेत कान दुमडला की टाके सैल होतात. त्यामुळे शाळेच्या सुट्टीबरोबर हवामानाचाही विचार करून तारीख ठरवावी. समुद्रस्नान आणि फुटबॉल या दोन्हींना सुमारे सहा आठवडे, डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत, विराम द्यावा. सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यात आरशासमोर निकालाचा निर्णय करू नये.