घसा दुखतोय, तर आईला काय लिहायचं

हॉस्टेलमधून नुसतं "आई, घसा दुखतोय" एवढंच आलं की पेडण्यातली आई रात्रभर जागी राहते आणि नेमकं काही सांगूही शकत नाही. पणजीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने परवा असं लिहिलं:

"आई, कालपासून घसा दुखतोय, गिळताना जास्त. ताप मोजला, १०१ आहे. सर्दी-खोकला नाही. टॉर्च लावून बघितलं तर टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत. जबड्याखालची गाठ दाबली की दुखते. पाणी पिता येतं. रूममेटकडे उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आहेत, घेऊ का?"

यातलं 'खोकला नाही' मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सर्दी-खोकल्याबरोबर दुखणारा घसा बहुधा विषाणूमुळे असतो. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की आराम पडतो, आणि आठवड्याभरात तो बरा होतो. खोकला नसून ताप, ठिपके, गाठ असेल तर जिवाणूची शंका येते, म्हणून डॉक्टरला दाखवायचं. आईने तेच सांगितलं, आणि उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस म्हणाली.

थुंकीही गिळवेना, तोंड उघडेना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर उत्तराची वाट बघू नका. वॉर्डनला उठवा, १०८ लावा.