छेदातला वर्ग पूर्ण करताना या चुका टाळा: tan⁻¹ च्या बाहेरचा आकडा कुठे हरवतो

बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये छेदात x² वालं पद दिसलं की लेकरं खूश होतात. वर्ग पूर्ण करायचा, सूत्र लावायचं, tan⁻¹ लिहायचं, झालं. tan⁻¹ आणि त्याचा कंस बहुतेकांचा बरोबरही येतो. चुकतो तो बाहेरचा आकडा. लातुरात शिकवताना आणि पेपर तपासताना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता पेपर हातात घेतला की माझी नजर आधी तिथेच जाते. सीईटीसारख्या पर्यायी प्रश्नांत तर याची किंमत पूर्ण मोजावी लागते. स्टेप्सचे मार्क तिथे नसतात, आणि चारही पर्यायांत कंस तोच ठेवून फक्त बाहेरचा आकडा बदललेला असू शकतो.

एकच गणित घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ:

∫ dx / (2x² + 3x + 5)

पेन टेकवण्याआधी b² − 4ac काढा. इथे 9 − 40 = −31, म्हणजे ऋण. छेद कुठेच शून्य होत नाही, म्हणून उत्तर tan⁻¹ मध्ये येणार. हे न बघता जे सुरू करतात ते x² + 4x + 1 सारख्या छेदाशी अडकतात. तिथे (x + 2)² − 3 येतं, वजा चिन्ह येतं, म्हणजे उत्तर log चं. पण "वर्ग पूर्ण केला म्हणजे tan⁻¹" असं डोक्यात बसलेलं असतं, म्हणून वजाचं अधिक करून टाकतात आणि पुढे जातात. आणि x² + 4x + 4 असेल तर ना tan⁻¹ ना log. तो सरळ (x + 2)² आहे, उत्तर −1/(x + 2) + c.

आता आपलं गणित. x² चा सहगुणक 2 आहे, तो आधी बाहेर काढायचा:

= 1/2 ∫ dx / (x² + 3x/2 + 5/2)

x चा सहगुणक 3/2, त्याचं निम्मं 3/4, त्याचा वर्ग 9/16. तो मिळवायचा आणि तोच वजा करायचा. 5/2 म्हणजे 40/16, त्यातून 9/16 गेले, उरले 31/16:

= 1/2 ∫ dx / [(x + 3/4)² + (√31/4)²]

आता सूत्र. ∫ du/(u² + k²) = (1/k) tan⁻¹(u/k). इथे k = √31/4, म्हणून 1/k = 4/√31:

= 1/2 · 4/√31 · tan⁻¹[(x + 3/4)/(√31/4)] + c
= (2/√31) tan⁻¹[(4x + 3)/√31] + c

बाहेरचा आकडा दोन ठिकाणांहून आला, हे नीट बघा. 1/2 आला सहगुणक बाहेर काढल्यामुळे, 4/√31 आला सूत्रातल्या 1/k मुळे. दोघांपैकी एक राहिला की उत्तर गेलं. 1/2 राहतो तो घाईमुळे. मुलं 2 कॉमन काढतात, मग पुढच्या ओळीत फक्त छेदाचं रफ काम करतात, चार ओळी त्यातच जातात, आणि सूत्र लावायची वेळ येते तोवर 1/2 वर कुठेतरी पडून असतो. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे: बाहेर काढलेला आकडा प्रत्येक ओळीत लिहायचा. "सर, वेळ जातो" म्हणणारे दरवर्षी असतात. एक अपूर्णांक लिहायला जातो तेवढाच वेळ. 1/k राहतो तो वेगळ्या कारणाने: 31/16 हा k² आहे, k नव्हे, हे लक्षात राहत नाही. काहीजण 1/k च्या जागी 16/31 लिहितात. छेदात (√31/4)² असं वर्गासकट लिहिलं तर ही चूक होतच नाही, म्हणून मी 31/16 वर कुणाला थांबू देत नाही.

आता शॉर्टकटबद्दल. वर्ग पूर्ण न करता थेट उत्तर देणारं सूत्र आहे:

∫ dx/(ax² + bx + c) = [2/√(4ac − b²)] tan⁻¹[(2ax + b)/√(4ac − b²)]

4ac − b² धन असेल तर सूत्र शंभर टक्के खरं आहे. माझा राग सूत्रावर नाही, ते अर्ध्या वाटेत लावण्यावर आहे. एकदा सराव परीक्षेत वरचंच गणित दिलं होतं. पर्यायांत कंस सगळीकडे तोच, बाहेर 2/√31, 1/√31, 4/√31 आणि 1/2. निम्म्याहून जास्त वर्गाने 1/√31 वर गोल केला. दुसऱ्या दिवशी अहमदपूरकडचे एक वडील मुलाचा पेपर घेऊन आले. "सर, लेकरानं फॉर्म्युला टाकून काढलंय, आन तुम्ही चूक दिलंय. कामून?" मुलगा शेजारीच उभा होता. मी त्याच्या हातात खडू दिला.

त्याने पहिली ओळ बरोबर लिहिली, 1/2 बाहेर, आत x² + 3x/2 + 5/2. मग थेट सूत्र: a = 2, b = 3, c = 5. सूत्रातून 2/√31 आलं, बाहेरच्या 1/2 ने गुणलं, 1/√31. मी विचारलं, "आत्ता छेदात x² चा सहगुणक किती आहे?" तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एक." तिथे a = 1, b = 3/2, c = 5/2 घ्यायला हवे होते. मग 4ac − b² = 10 − 9/4 = 31/4, त्याचं वर्गमूळ √31/2, सूत्रातून 4/√31, आणि बाहेरच्या 1/2 ने गुणून 2/√31. मूळचे 2, 3, 5 घ्यायचे तर 1/2 बाहेर काढायचाच नव्हता; त्या सूत्रात तो आधीच धरलेला आहे. वडील सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे एकाच पट्टीवर दोनदा अडत कापली म्हणा की." अगदी तेच झालं होतं.

तेव्हापासून मी सांगतो: एकतर सहगुणक बाहेर काढून वर्ग पूर्ण करा, नाहीतर काहीही न काढता सूत्र लावा. मधेच रस्ता बदलू नका. आणि ज्याला सूत्र मांडून सिद्ध करता येत नाही त्याने ते वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सिद्धता काही अवघड नाही. छेदाला 4a ने गुणायचं. आपल्या गणितात 8 ने:

8(2x² + 3x + 5) = 16x² + 24x + 40 = (4x + 3)² + 31

अपूर्णांक एकही नाही. वर्गसमीकरण सोडवताना 4a ने गुणायची ही रीत श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी बीजगणितात ती त्यांच्याच नावाने दिली आहे. छेदाला 8 ने गुणलं म्हणून वरही 8 येतो. (4x + 3) मधल्या 4 मुळे 1/4 येतो, आणि सूत्राचा 1/√31. तिन्हींचा गुणाकार 2/√31. b विषम असला की मी कच्च्या कामात हीच रीत वापरतो. फक्त इथेही एक खड्डा आहे: कंसात नुसता x नसून 4x असेल तर 4 ने भागायचं. ते विसरलात तर चौपट उत्तर येईल.

उत्तर आलं की तपासा. पूर्ण डेरिव्हेटिव्ह काढायला वेळ नसतो, म्हणून माझी सवय सांगतो. ज्या x ला tan⁻¹ चा कंस शून्य होतो तो घ्या. इथे x = −3/4. त्या जागी tan⁻¹ चा उतार 1 असतो, म्हणून उत्तराचा उतार म्हणजे बाहेरचा आकडा गुणिले कंसातला x चा सहगुणक: (2/√31) × (4/√31) = 8/31. आता मूळ छेदात x = −3/4 टाका: 9/8 − 18/8 + 40/8 = 31/8. उलटा केला की 8/31. जुळलं. त्या मुलाच्या 1/√31 ला हीच तपासणी लावली तर 4/31 येतं, जुळत नाही. 4/√31 ला 16/31 येतं, तेही पडतं.

पण एवढ्यावर विसंबू नका, कारण एक चूक यातून निसटते. छेद x² + 4x + 13 असताना 4 चं निम्मं न करता कुणी (x + 4)² + 13 लिहिलं, तर उत्तर (1/√13) tan⁻¹[(x + 4)/√13] येतं. कंस शून्य होतो x = −4 ला, उतार 1/13, आणि छेदात −4 टाकलं तर 16 − 16 + 13 = 13. जुळलं, तरी उत्तर साफ चूक. म्हणून आधी कंसाकडे बघायचं: अपूर्णांक साफ केल्यावर कंसाच्या अंशात छेदाचा डेरिव्हेटिव्ह दिसला पाहिजे, नाहीतर त्याची पट. 2x² + 3x + 5 चा डेरिव्हेटिव्ह 4x + 3, तो आपल्या उत्तरात जसाच्या तसा बसलाय. x² + 4x + 13 चा 2x + 4, म्हणजे x + 2 ची दुप्पट, म्हणून x + 4 येऊच शकत नाही. बरोबर छेद (x + 2)² + 9, आणि उत्तर (1/3) tan⁻¹[(x + 2)/3] + c. कंस आधी, उतार नंतर, या क्रमाने बघितलं की दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतील तेवढंच काय ते निसटू शकतं.

x² चा सहगुणक ऋण असेल तर वजा आधी बाहेर काढा. 1/(−x² + 4x − 13) चं उत्तर −(1/3) tan⁻¹[(x − 2)/3] + c. आत वजा ठेवून वर्ग पूर्ण करायच्या फंदात पडू नका.

tan⁻¹ म्हणजे 1/tan नव्हे. हे बारावीतही सांगावं लागतं.

आणि अंशात x असेल तर थेट tan⁻¹ कडे धावू नका, x ला बाहेर तर काढूच नका. (3x + 1)/(x² + 4x + 13) मध्ये आधी अंशात छेदाचा डेरिव्हेटिव्ह तयार करायचा: 3x + 1 = (3/2)(2x + 4) − 5. पहिल्या भागाचं log, फक्त उरलेल्या −5 चं tan⁻¹:

(3/2) log(x² + 4x + 13) − (5/3) tan⁻¹[(x + 2)/3] + c

इथे (3/2) × 4 = 6 होतात, आणि 1 मिळवायला त्यातून 5 काढावे लागतात. हा −5 बहुतेकजण +1 च ठेवतात, म्हणून ती ओळ परत गुणून बघितल्याशिवाय पुढे सरकू नका.