गोचीड चावल्यावर पुढचे तीस दिवस काय करावं: लाइम आजार आणि आपली सावळी त्वचा

मे ते जुलै या काळात न्यू जर्सी, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया भागात मुलांकडे राहायला आलेले आईबाबा मागच्या अंगणात, झाडीतल्या पायवाटेवर रोज फिरतात. लाइम आजाराचा धोका नेमका याच काळात जास्त असतो. हा आजार बोरेलिया नावाच्या मळसूत्रासारख्या जिवाणूमुळे होतो आणि काळ्या पायांच्या गोचिडीतून माणसात येतो. कनेक्टिकटमधल्या लाइम गावात 1970 च्या दशकात बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले, तेव्हा तो पहिल्यांदा नीट लक्षात आला. गावाचंच नाव त्याला मिळालं.

आपण गुरांच्या अंगावर पाहिलेली टपोरी गोचीड डोळ्यांसमोर आणू नका. इथली पिल्लू-गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि चावलेलं कळतही नाही. म्हणून फिरून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा आणि अंग तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली, कानामागे, केसांत. एखादा नवा तीळ दिसला तर त्याला पाय आहेत का ते भिंगातून पाहा. कपडे धुण्याआधीच दहा मिनिटं ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवा.

गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत पकडा आणि न पिळता, सरळ वर, एकसारख्या ताकदीने ओढा. गावाकडे रॉकेल लावतात, काडीचा चटका देतात, तेल चोळतात. इथे यातलं काहीही करू नका, कारण त्याने गोचीड सुटायची वाट पाहण्यात वेळ जातो आणि डिवचलेली गोचीड जंतू आत सोडू शकते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघाला नाही, तर उकरू नका. त्वचा तो स्वतः बाहेर ढकलते. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. गोचिडीचा फोटोही काढा.

जंतू अंगात शिरायला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो. चपटी गोचीड लवकर निघाली तर धोका फार कमी. फुगलेली निघाली, म्हणजे दीड दिवस किंवा त्याहून जास्त चिकटून असावी असं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकच डोस देता येतो. द्यायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आता मुख्य काम: तीस दिवस लक्ष ठेवणं. समजा, आईंच्या गुडघ्यामागची गोचीड 8 जूनला काढली. दुसऱ्या दिवशी तिथे नाण्याएवढी लाली आणि खाज आली. ही चाव्याची प्रतिक्रिया आहे, दोन दिवसांत उतरते. पण 16 जूनला तिथेच पुन्हा डाग दिसला. खाज नाही, दुखत नाही. त्याच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. 18 तारखेला डाग रेघेबाहेर गेला आणि पाच सेंटिमीटरहून रुंद झाला, तर तो लाइमचा चट्टा समजून डॉक्टरांकडे जा.

इथेच आपली माणसं फसतात. माहितीपत्रकांत गोऱ्या त्वचेवरचं लाल कडं आणि मधला ठिपका दाखवतात. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि बऱ्याच जणांना तसं कडं उमटतच नाही. म्हणून रंग बघत बसू नका, वाढ बघा.

डॉक्टरांना गोचिडीची तारीख आणि फोटो दाखवा. या टप्प्यावर रक्ततपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे नमुनेदार चट्टा असेल तर तपासणीशिवायच उपचार सुरू होतात. साधारण दहा ते चौदा दिवस गोळ्या. दोन दिवसांत बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा.

चट्टा दिसलाच नाही किंवा तो आपोआप गेला, तरी आजार आत राहू शकतो. काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, किंवा हृदयाच्या ठोक्यांचा संदेश अडखळून चक्कर येते, शुद्ध हरपते. असं झालं तर थेट इमर्जन्सीत जा. काही महिन्यांनी गुडघा टम्म सुजतो, पण सुजेच्या मानाने दुखत नाही.

तोवर आई बहुधा पुण्याला परतलेल्या असतात. तिथल्या डॉक्टरांपुढे लाइमचे रुग्ण क्वचितच येतात. ते वयाचा संधिवात समजून औषधं देतील. म्हणून परतीच्या फाइलमध्ये एक कागद ठेवा: कुठल्या राज्यात राहिल्या, गोचीड कधी निघाली, चट्टा कधी दिसला, कोणतं औषध किती दिवस घेतलं. गुडघा सुजला तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवून लाइमची तपासणी करायची का, असं स्पष्ट विचारा.