फ्री फ्लोट आणि टोटल फ्लोट: साइटवर होणाऱ्या या चुका टाळा

"साहेब, चार्टवर माझे चार दिवस शिल्लक आहेत की!" प्लंबरचं हे वाक्य मी एका साइटवर ऐकलं आणि मान डोलावली. आठवडाभरानं वॉटरप्रूफिंगवाल्यानंही तेच ऐकवलं. दोघंही चार्ट बरोबर वाचत होते. चूक माझी होती, कारण मी चार्टवर फक्त टोटल फ्लोटचा, म्हणजे हँडओव्हर न हलवता एखादं काम किती दिवस लांबवता येतं त्याचा, रकाना छापला होता.

एका फ्लॅटच्या फिनिशिंगचं छोटं नेटवर्क घेऊ. वीटकामानंतर दोन फाटे फुटतात. एकावर वायरिंगचे कंड्युट आणि प्लास्टर, दुसऱ्यावर बाथरूमच्या संकनमधलं, म्हणजे खोलगट ठेवलेल्या जमिनीतलं, पाइपकाम आणि मग वॉटरप्रूफिंगसाठी विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे ब्रिकबॅट कोबा. टाइल्सपाशी दोन्ही फाटे पुन्हा एकत्र येतात. आकडे दिवसांचे आहेत. सूत्रांत TF म्हणजे टोटल फ्लोट, FF म्हणजे फ्री फ्लोट, ES आणि EF म्हणजे लवकरात लवकरची सुरुवात आणि शेवट, LS म्हणजे उशिरात उशिराची सुरुवात.

| काम | कालावधी | लवकरात लवकर | उशिरात उशिरा |
|---|---|---|---|
| वीटकाम | ८ | ०–८ | ०–८ |
| कंड्युट | ४ | ८–१२ | ८–१२ |
| प्लास्टर | १० | १२–२२ | १२–२२ |
| संकनमधलं पाइपकाम | ४ | ८–१२ | १२–१६ |
| कोबा व पाणी चाचणी | ६ | १२–१८ | १६–२२ |
| टाइल्स | ७ | २२–२९ | २२–२९ |
| रंगकाम | ५ | २९–३४ | २९–३४ |

```
TF = LS - ES
FF = min(पुढच्या कामांचा ES) - EF
```

पाइपकामाचा टोटल फ्लोट १२ − ८ = ४, कोब्याचाही १६ − १२ = ४. पहिली चूक इथेच होते: हे चार-चार दिवस जणू वेगवेगळे आहेत असं धरलं जातं. खरं तर त्या फाट्यावर मिळून चारच दिवस आहेत, ते दोन्ही रांगांत दिसतात एवढंच. एकाच डब्यातली भाकरी दोघांच्या नावावर लिहिल्यासारखं. प्लंबरनं चारही दिवस खाल्ले की पाइपकाम १६ ला संपतं, कोबा १६ ते २२, आणि कोब्याचा फ्लोट शून्यावर येतो. त्यावर कोबावाल्यानं आपले चार घेतले, तर कोबा २६ ला संपतो, टाइल्स ३३ पर्यंत जातात आणि ३४ दिवसांचं काम ३८ वर.

फ्री फ्लोट, म्हणजे पुढचं कुठलंही काम न हलवता किती रेंगाळता येतं तो आकडा, काढला असता, तर हे आधीच दिसलं असतं. पाइपकाम १२ ला संपतं आणि कोबा १२ लाच सुरू होतो, म्हणून फ्री फ्लोट शून्य. कोबा १८ ला संपतो, टाइल्स २२ ला, म्हणून तिथे चार. म्हणजे प्लंबर एक दिवस जरी रेंगाळला, तरी हँडओव्हर हलत नाही, पण कोब्याची गँग ठरल्या दिवशी येऊन हात हलवत परत जाते. तिची हजेरी कोण भरणार, हा वाद वेगळाच.

दुसरी चूक: फ्री फ्लोट काढताना पुढचं एकच काम बघणं. आता खालच्या फ्लॅटच्या बाथरूमची फॉल्स सीलिंग नेटवर्कमध्ये घाला. पाणी साठवून चाचणी होईपर्यंत खालचं छत उघडं ठेवावं लागतं, नाहीतर गळती दिसणार कुठे? म्हणून हे दोन दिवसांचं काम कोब्यानंतर, १८ ला सुरू होतं आणि रंगकामाच्या आधी, २९ पर्यंत संपलं तरी चालतं. कोब्यानंतर आता दोन कामं आहेत: टाइल्स २२ ला, सीलिंग १८ ला. लहान आकडा १८, म्हणून फ्री फ्लोट १८ − १८ = ०. टोटल फ्लोट मात्र अजूनही ४, कारण सीलिंगला २७ पर्यंत थांबता येतं, टाइल्सला २२ च्या पुढे नाही. एक बाण वाढला आणि कोबावाल्याची मोकळीक गेली. ती सीलिंगकडे सरकली असं मात्र नाही: सीलिंगचा फ्री फ्लोट २९ − २० = ९ हा तिचा स्वतःचा.

तिसरी चूक हातानं गणित करणाऱ्यांची: दिवस मोजायची पद्धत मध्येच बदलणं. वरच्या तक्त्यात "२२" म्हणजे बाविसावा दिवस संपला तो क्षण. साइटच्या डायरीत मात्र टाइल्स तेविसाव्या दिवशी सकाळी सुरू होतात आणि कोबा अठराव्या दिवशी संध्याकाळी संपतो. या आकड्यांनी, सीलिंग नसताना, २३ − १८ = ५ येतं. इथे आणखी एक वजा करायचा असतो, तेव्हा ४ मिळतात. फ्री फ्लोट सगळीकडे एकनं जास्त दिसत असेल, तर आधी हेच तपासा.

फ्री फ्लोट टोटल फ्लोटपेक्षा मोठा आला, तर बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकी चुकलेली असते. मालकानं हँडओव्हरची तारीख अलीकडे ओढली असेल, तर मात्र टोटल फ्लोट ऋण होऊ शकतो आणि फ्री फ्लोट शून्यच राहतो. ते गणित बरोबरच असतं. MS Project मध्ये हेच रकाने Total Slack आणि Free Slack या नावांनी मिळतात.

आता गँगच्या हातात देतो त्या चार्टवर मी फक्त फ्री फ्लोट छापतो. टोटल फ्लोट माझ्या वहीत असतो, आणि प्लंबरला त्यातला दिवस हवा असेल तर आधी कोबावाल्याला फोन जातो.