‘दोन स्क्रीन’ म्हणजे नक्की किती? घरातल्या स्ट्रीमिंग प्लॅनचा हिशेब असा लावावा

स्ट्रीमिंग सेवेच्या प्लॅनवर ‘२ स्क्रीन’ किंवा ‘४ स्क्रीन’ असे लिहिलेले असते आणि घरातला प्रत्येक जण त्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावतो. कुणाला वाटते दोनच टीव्हींवर लॉगिन करता येईल, कुणाला वाटते दोनच प्रोफाइल काढता येतील. प्रत्यक्षात बहुतेक सेवांमध्ये या आकड्याचा अर्थ एवढाच असतो, की एका क्षणी दोन ठिकाणी व्हिडिओ चालू असू शकतो. किती उपकरणांवर लॉगिन ठेवता येते ही मर्यादा वेगळी, आणि किती उपकरणांवर डाउनलोड साठवता येते ही आणखी वेगळी. नेटफ्लिक्सच्या प्रीमियम प्लॅनमध्ये एका वेळी ४ ठिकाणी पाहता येते, डाउनलोड मात्र ६ उपकरणांवर ठेवता येतात. एकाच प्लॅनमध्ये दोन निरनिराळे आकडे असतात ते यामुळे. प्रोफाइलचा यांपैकी कशाशीही संबंध नाही. पाच प्रोफाइल काढले म्हणून पाच जणांना एकदम पाहता येत नाही.

सर्वप्रथम आपल्या खात्याच्या प्लॅनचे पान उघडून हे तीन आकडे शोधावेत आणि कागदावर उतरवून ठेवावेत. एखादा आकडा तिथे नसेल तर त्या सेवेच्या मदत विभागात तो मिळतो. चित्राची स्पष्टता, म्हणजे ७२० पी, १०८० पी की फोर-के, हीसुद्धा प्लॅनवर ठरते, पण तिचा या हिशेबात काही संबंध नाही.

दुसरे काम म्हणजे घरात एका वेळी जास्तीत जास्त किती जण पाहतात हे मोजणे. उपकरणे मोजू नयेत, माणसेही मोजू नयेत. रात्रीच्या सर्वांत गर्दीच्या तासात किती ठिकाणी व्हिडिओ चालू असतो तेवढेच मोजावे. पाच जणांच्या घरात दिवाणखान्यातला टीव्ही, झोपण्याच्या खोलीतला टीव्ही, चार फोन, एक टॅबलेट आणि एक लॅपटॉप अशी आठ उपकरणे असतील. मात्र रात्री नऊ वाजता आजी-आजोबा मिळून दिवाणखान्यात मालिका पाहत असतील आणि नातू फोनवर काही पाहत असेल, तर चालू स्ट्रीम दोनच. फोनवरून टीव्हीवर कास्ट केले तर सहसा टीव्ही स्वतःच व्हिडिओ ओढून घेतो आणि फोन केवळ रिमोटचे काम करतो, म्हणून तोही एकच स्ट्रीम धरावा.

खरी गुंतागुंत पुढे आहे. घरात कुणीही पाहत नसताना ‘सध्या फार जण हे खाते वापरत आहेत’ अशा अर्थाचा संदेश येतो, आणि अशा वेळी मिळणारे सल्ले बहुधा निरुपयोगी असतात. पासवर्ड बदला, राउटर बंद करून चालू करा, प्लॅन वाढवा, हे तिन्ही उपाय मूळ कारण न पाहता सुचवलेले असतात. कारण समजण्यासाठी सेवा स्ट्रीम कसे मोजते ते समजून घ्यावे लागते. आपण व्हिडिओ सुरू केला की उपकरण सर्व्हरकडून परवानगी घेते आणि मग ठरावीक अंतराने ‘मी अजून चालू आहे’ असा संकेत पाठवत राहते. आपण रीतसर मागे जाऊन व्हिडिओतून बाहेर पडलो, तर उपकरण तसे कळवते आणि जागा रिकामी होते. मधेच वीज गेली, इंटरनेट तुटले किंवा प्लग उपटला, तर निरोप द्यायला कुणी उरत नाही. सर्व्हर काही वेळ संकेताची वाट पाहतो आणि तो आला नाही म्हणजे मगच ती जागा मोकळी करतो. म्हणूनच राउटर बंद करण्याचा सल्ला मला सर्वांत वाईट वाटतो: त्यामुळे चालू असलेले सगळेच स्ट्रीम निरोप न देता तुटतात आणि जी अडचण एका उपकरणापुरती होती ती सगळ्या घराची होऊन बसते.

अशा अडचणीत मी सर्वांत आधी एचडीएमआय स्टिककडे पाहतो. टीव्हीला लावलेली स्टिक बहुधा वेगळ्या अडॅप्टरवर चालते. रिमोटने टीव्ही बंद केला की पडदा काळा होतो, पण टीव्ही बंद झाल्याचे स्टिकला कळवणारी सोय चालू नसेल, तर स्टिक आपल्या परीने मालिका पुढे दाखवतच राहते. एक भाग संपतो, दुसरा आपोआप सुरू होतो, आणि ‘अजून पाहत आहात का?’ असा प्रश्न येईपर्यंत एक जागा अडलेली राहते. वर सांगितलेल्या घरात दोन स्क्रीनचा प्लॅन असेल, आजी-आजोबांनी साडेनऊला टीव्ही बंद केला असेल आणि नातू फोनवर असेल, तर पावणेदहाला आईने टॅबलेट उघडताच संदेश येतो. आईच्या दृष्टीने एकच जण पाहत असतो, सर्व्हरच्या दृष्टीने दोघे.

हे तपासायचे असेल तर अंदाज बांधत बसू नये. नेटफ्लिक्समध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये Manage Access and Devices हे पान असते. तिथे कोणत्या उपकरणावर, कोणत्या प्रोफाइलवर, शेवटचे केव्हा पाहिले ते दिसते. इतर अनेक सेवांतही असे पान असते. दिवाणखान्यातल्या टीव्हीची वेळ तो बंद केल्यानंतरची दिसत असेल, तर कारण सापडले. टीव्ही पुन्हा लावून व्हिडिओतून बाहेर पडावे, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी ही वर सांगितलेली सोय चालू करावी, म्हणजे टीव्हीबरोबर सहसा स्टिकही झोपी जाते. घरच्यांना एकच सवय लावावी: आधी मागे जाऊन व्हिडिओतून बाहेर यावे, मग टीव्ही बंद करावा. नुसते थांबवून ठेवलेला व्हिडिओसुद्धा काही सेवांत जागा अडवून धरतो.

संदेशाचे शब्द मात्र नीट वाचावेत. ‘फार जण पाहत आहेत’ आणि ‘उपकरणांची मर्यादा संपली’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत कुणीतरी पाहणे थांबवावे लागते. जुना फोन यादीतून काढून तिच्यावर काही उपयोग होत नाही. दुसरी तक्रार सहसा नव्या फोनवर लॉगिन करताना येते आणि तिथे सगळ्यांचे टीव्ही बंद करूनही फरक पडत नाही, जुनी नोंद काढावीच लागते. या यादीत घरात नसलेली उपकरणेही सापडतात, कारण फॅक्टरी रीसेट केलेला फोन नवा म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि एकाच लॅपटॉपवरचे दोन ब्राउझर दोन उपकरणे ठरू शकतात.

नोंदी काढताना घाई करू नये. काही सेवा ठरावीक मुदतीत मोजकीच उपकरणे काढू देतात, म्हणून विकलेले आणि बिघडलेले फोन आधी काढावेत. अनोळखी उपकरण दिसले तरच पासवर्ड बदलून सगळीकडून साइन आउट करावे; मग प्रत्येक टीव्हीवर पुन्हा लॉगिन करत बसावे लागते, याची तयारी ठेवावी.

डाउनलोडची मर्यादा भरली असेल, तर जुन्या फोनमधल्या ॲपमधून सगळी डाउनलोड पुसून टाकावीत. फोन हातात नसेल तर खात्याच्या संकेतस्थळावरून तो काढता येतो का ते पाहावे. प्रवासाला निघण्यापूर्वी ज्याला जे पाहायचे ते त्याने उतरवून घेतले आणि फोन विमान मोडवर ठेवून पाहिले, तर सर्व्हरशी संपर्कच नसल्यामुळे घरी राहिलेल्यांची जागा अडत नाही.

एवढे करूनही रात्री नऊला तीन ठिकाणी खरोखरच व्हिडिओ चालू असतील, तर मोठा प्लॅन घ्यावा.